मैफिलीच्या शॉटमध्ये मधेच कॅमेरा हलला: कापायचं नाही, झाकायचं

प्रश्न: "आमच्या गुरुजींची ग्वाल्हेरला लष्कर भागात घरगुती बैठक झाली, एकाच कॅमेऱ्यानं सलग शूट केलीय, फोरके मध्ये. मध्यलय तीनतालात तान चालू असताना कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागला, अडीच सेकंद फ्रेम हलली आणि नंतर जराशी तिरकीच राहिली. तेवढं कापून टाकलं तर चित्र उडी मारतं आणि गाणंही विचित्र वाटतं. वरून रागाच्या नावाची पट्टी लावून भागेल का?"

गाणं विचित्र वाटतं ते का, तेवढं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मध्यलयीत 16 मात्रांचं आवर्तन साधारण 8 सेकंदांत फिरतंय असं धरा, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि तुम्ही अडीच सेकंद कापलेत की पाच मात्रा गेल्या, तबलजी 16 वाजवतोय आणि ऐकणाऱ्याला 11 मध्येच सम येते. आपल्या ग्वाल्हेरात मैफिलीला बसलेली निम्मी माणसं मांडीवर ताल धरून असतात, त्यांना हे पहिल्या झटक्यात कळतं. भाषणात किंवा मुलाखतीत माणूस अडखळला तर तेवढं कापून वरून दुसरा शॉट टाकला की झालं, तिथं वेळ कमी झाला तरी चालतो. गाण्यात वेळ हात लावायची गोष्टच नाही. काहीजण म्हणतात मग अख्खं आवर्तन कापा, ताल तुटणार नाही, ते खरंय, पण तान अर्धी जाते आणि चित्राची उडी आहे तशीच राहते, म्हणजे झाकायला वरून काहीतरी लागतंच. मग कापायचं कशाला.

तर मूळ व्हिडिओ टाइमलाइनच्या खालच्या व्हिडिओ ट्रॅकवर, V1 वर, अखंड राहू द्या, एक फ्रेमही काढू नका, आणि झाकणारा शॉट त्याच्यावर V2 वर ठेवा. खाली आवाज आपला चालू. डाविंची रिझॉल्व्हमध्ये यासाठी Place on Top आहे, F12. F9 चुकूनही दाबू नका, तो Insert आहे, तो मूळ क्लिप फोडून पुढचं सगळं उजवीकडे ढकलतो, आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरचा असेल आणि तो ट्रॅक लॉक केलेला असेल तर तिथून शेवटपर्यंत ओठ आणि सूर जुळत नाहीत. काम सुरू करण्याआधी टाइमलाइनची एकूण लांबी फ्रेमसकट लिहून ठेवा आणि झाल्यावर परत बघा. एका फ्रेमचाही फरक आला तर कुठंतरी काहीतरी सरकलंय, तिथंच थांबा आणि अनडू करा.

आता झाकायचं कशानं. बैठकीत बहुतेकजण पहिल्यांदा तबल्याच्या हाताचा शॉट उचलतात, दिसायला छान असतो म्हणून. तो नको. दुसऱ्या जागेवरचे हात या जागेच्या बोलांवर बसूच शकत नाहीत, "धा" ऐकू येतो आणि डग्गा मोकळा दिसतो. हार्मोनियमच्या बोटांचंही तेच. श्रोत्यांचा शॉट चालतो, पण त्यात कुणी टाळी-खाली दाखवत नाही ना हे नीट बघा, मागच्या रांगेतल्या एखाद्या काकांचा हात चौथ्या मात्रेवर टाळी देत असेल तर तोच तुमची चोरी पकडून देतो. आणि कुणी "वाहवा" म्हणतानाचा शॉट तर अजिबात नको, एकतर तोंड उघडतं आणि आवाज नसतो, दुसरं म्हणजे त्या जागेवर दाद मिळालेलीच नाही, ती आपण लावायची नाही. गाणाऱ्यावर तो अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात बिनधोक आहे तो तानपुरा. तो तालाला बांधलेला नसतो, चार तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि तबल्याच्या मात्रेशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे 5 मिनिटांपूर्वीची बोटं इथं ठेवली तरी कुणालाही कळणार नाही.

आणि तुम्ही फोरके मध्ये शूट केलंय म्हणून हा शॉट तुमच्याकडेच आहे. टाइमलाइन 1920 बाय 1080 ची ठेवली असेल तर 3840 बाय 2160 चं चित्र बरोबर दुप्पट असतं, म्हणजे Inspector मध्ये Zoom 2.00 केलात तरी चित्र फुटत नाही. त्याच सलग शॉटमध्ये थोडं मागं जा, धक्का लागायच्या आधीचा एखादा स्वच्छ तुकडा घ्या, दुप्पट मोठा करा आणि Position सरकवून गुरुजींच्या मागं बसलेल्या तानपुऱ्यावाल्या मुलीचा हात आणि भोपळ्याच्या वरचा भाग फ्रेममध्ये आणा. उजेड तोच, कपडे तेच, वेळ तीच. कार्यक्रमाआधी तानपुरे लावतानाचं शूटिंग असेल तर त्याच्या मोहात पडू नका, तेव्हा खोलीतले सगळे दिवे चालू असतात, गाद्या मोकळ्या असतात आणि हात खुंट्यांवर जातो. अजून एक, मागची शिष्या साथीला गात असेल तर तिचं तोंड फ्रेमच्या बाहेर ठेवा, आणि गुरुजींचा चेहरा तर कोपऱ्यातही यायला नको. हलणारा ओठ दिसला की संपलं. या तुकड्याचा स्वतःचा आवाज लिंक तोडून काढून टाकायचा, नाहीतर दोन-दोन गाणी एकदम वाजतात.

किती लांब आणि कुठून कुठपर्यंत, इथं खरी मेहनत आहे. नवीन माणूस अडीच सेकंदांच्या धक्क्यावर बरोबर अडीच सेकंदांचा शॉट ठेवतो आणि तो ठिगळासारखा दिसतो, आला कशाला आणि गेला कशाला हेच कळत नाही. आधी धक्का खरा किती लांब आहे ते फ्रेम-फ्रेम सरकवून बघा. फ्रेमच्या काठाजवळची एखादी उभी रेघ धरा, दाराची चौकट, माइकचा स्टँड, काहीही, आणि ती पहिल्यांदा कधी हलते आणि शेवटची कधी स्थिर होते ते लिहा. हलणं थांबलं तरी ऑटोफोकस पुढे थोडा वेळ चाचपडत असतो, म्हणून गुरुजींच्या कुर्त्याची किनार परत रेखीव कधी दिसते तेही बघा, बहुतेकवेळा अडीचाचे तीन-साडेतीन सेकंद निघतात.

समजा तुमच्या क्लिपवर सम 14:31:00 ला आहे, धक्का 14:32:10 ला लागतो आणि 14:34:20 ला हलणं थांबतं, मिनिट, सेकंद, फ्रेम असं वाचा, सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबानं, आणि फोकस बसायला 14:35:15 होतात. तानपुरा आणायचा तो समेवर, म्हणजे 14:31:00 लाच, धक्क्याच्या जवळजवळ दीड सेकंद आधी. समेवर नजर दुसरीकडे जाणं बघणाऱ्याला खटकत नाही, तिथं एक गोष्ट पूर्ण झालेली असते. परत यायचं ते 13 व्या मात्रेवर, म्हणजे 6 सेकंदांनी, 14:37:00 ला. खालीवर, म्हणजे 9 व्या मात्रेवर परत यावंसं वाटेल पण ती 14:35:00 ला पडते आणि तेव्हा फोकस अजून गेलेला आहे. 13 व्या मात्रेवर आलात की तान समेकडे वळत असते, आणि गुरुजी समेवर येतानाचा चेहरा आणि हात लोकांना पूर्ण दिसतो, जो झाकला गेला असता तर शिकणारी मुलं हळहळली असती. विलंबितात इतकं काटेकोर लागत नाही, तिथं एकेक मात्रा लांब असते, गायक श्वास घेतो तिथं शॉट बदलला तरी बसतो.

परत आल्यावर फ्रेम तिरकी आहे, ती क्लिप झाकणाऱ्या शॉटच्या खाली कुठेही ब्लेडनं तोडा, फक्त तोडा, काढू नका, आणि पुढच्या भागाला Rotation Angle द्या. दीड अंश फिरवलंत तर कोपऱ्यात काळं दिसायला लागतं, ते घालवायला 5 टक्के मोठं करावं लागतं, म्हणजे Zoom 1.05, फोरके मध्ये ते कळतही नाही. आधीची आणि नंतरची फ्रेम तंतोतंत सारखी व्हायलाच हवी असं नाही, मधे 6 सेकंद तानपुरा गेलेला असल्यामुळे डोळा तुलना करू शकत नाही.

आता रागाच्या नावाच्या पट्टीचं. तुमच्या जागेवर ती भागणार नाही. एकतर पट्टी खालचा पाव भाग झाकते आणि तुमची अख्खी फ्रेम हललीय, वरचा दरवाजा डोलताना दिसणारच. पट्टी कामाची तेव्हा, जेव्हा दोष खालीच असतो, कुणी पुढून वाकून गेलं, कुणाच्या मोबाइलचा उजेड चमकला. तेव्हासुद्धा पट्टी अपारदर्शक पाहिजे, आणि ती सरकत येणारी असेल तर येण्या-जाण्याचे 12-12 फ्रेम धरू नका, पूर्ण बसलेली असते तेवढाच वेळ झाकते. पूर्ण पडदाभर नाव टाकलंत तर सगळं झाकतं हे खरं, पण ते नाव तिथं यायला कारण लागतं. नवी बंदिश सुरू होते, ताल बदलतो, तिथं "द्रुत तीनताल" असं 4-5 सेकंद आलं तर लोक स्वीकारतात. तानेच्या मधोमध रागाचं नाव आलं की बघणाऱ्याला वाटतं कार्यक्रम संपला की काय. मी एका बैठकीत हेच केलं होतं, धक्का झाकायला पडदाभर नाव ठेवलं आणि नेमकी ती जागा अशी होती की बुवांनी एक लांब तान घेऊन अवचित सम गाठली होती. त्यांच्या मुलीनं फोन करून विचारलं, "बाबांची ती सम कुठं गेली हो?" आवाज होता, चेहरा नव्हता. परत बसून तानपुरा लावला आणि नवी फाइल दिली, पण तोवर पहिली फाइल सगळ्या नातेवाइकांकडे गेली होती.

आवाजाचं राहिलं. मिक्सरमधून वेगळं रेकॉर्डिंग असेल तर ट्रायपॉडचा धक्का त्यात बहुधा नसेल. कॅमेऱ्याच्या माइकवर असेल तर "धप्प" राहणार, आणि स्वच्छ तानपुरा दिसत असताना तो जास्तच खटकतो. तेवढाच एक सेकंदभराचा तुकडा वेगळा करून साधारण 100 हर्ट्झच्या खालचं कमी करा, अख्ख्या ट्रॅकला लावू नका, डग्ग्याची घुमक जाते. धप्प नेमका डग्ग्याच्या घुमकेवरच पडला असेल तर थोडा राहू द्या, तबला पोकळ करण्यापेक्षा ते बरं.

शेवटी स्क्रीन बंद करून फक्त ऐका, मग आवाज बंद करून फक्त बघा, आणि मग तुमच्या तबलजीला समोर बसवून हातानं ताल द्यायला सांगा, त्याला काय झाकलंय ते सांगू नका. 14:39:00 ला त्याचा हात समेवर पडला आणि त्यानं मान वर करून काही विचारलं नाही की फाइल बनवायला हरकत नाही. मूळ सलग रेकॉर्डिंग मात्र तसंच्या तसं, धक्क्यासकट, वेगळ्या डिस्कवर ठेवा, गुरुजींच्या शिष्यांना उद्या तेच लागेल.