सगळ्यांनी जास्त बचत केली तर देशाचं उत्पन्न कमी कसं होतं? उलट बचत वाढायला नको का?

अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या विचारांवर आधारलेल्या साध्या केन्सीय मॉडेलमध्ये गुंतवणूक ठरलेली असते आणि समतोलात बचत तिच्याइतकीच असावी लागते. म्हणून जास्त बचतीच्या प्रयत्नाने उत्पन्न घसरतं, एकूण बचत मात्र वाढत नाही. सरकार आणि परदेशी व्यापार बाजूला ठेवून आकडे घालून पाहा. उत्पन्न Y, उपभोग C = १०० + ०.८Y आणि गुंतवणूक I = १०० (कोटी रुपये) धरा. Y = C + I सोडवलं की उत्पन्न १०००, उपभोग ९००, बचत १००. आता लोकांनी प्रत्येक उत्पन्न-पातळीवर २० कोटी जास्त वाचवायचं ठरवलं: C = ८० + ०.८Y. विक्री २० कोटींनी घटते, माल पडून राहतो, कारखाने उत्पादन कमी करतात. त्यातून कामगारांचं उत्पन्न घटतं, मग त्यांचाही खर्च घटतो. खर्चातली मूळ घट शेवटी उत्पन्नात किती पट होते हे सांगणारा गुणक १/(१ − ०.८) = ५, म्हणून उत्पन्न १०० कोटींनी उतरून ९०० वर थांबतं. तिथे उपभोग ८०० आणि बचत पुन्हा १००च! उत्पन्नाबरोबर गुंतवणूकही घटत असेल, तर एकूण बचत आधीपेक्षा कमी होते.

मात्र हे मंदीसारख्या, मागणी अपुरी असलेल्या अल्पकाळात लागू पडतं. पूर्ण रोजगार असेल आणि वाढलेल्या बचतीने व्याजदर उतरून गुंतवणूक वाढत असेल, तर उत्पन्न घसरेलच असं नाही.