क्लिकची घाई नको असेल तर कुठला स्ट्रॅटेजी गेम?

"स्ट्रॅटेजी गेम शिकायचाय, पण भराभर क्लिक करणं अजिबात जमत नाही. टर्न-बेस्ड घेऊ की रिअल-टाइम?"

टर्न-बेस्ड. डोळे झाकून. तिथे आळीपाळीनं चाली होतात, तुमची चाल होईपर्यंत गेम थांबतो.

रिअल-टाइममध्ये घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात. पुढच्याची ऑर्डर आधीच लावून ठेवली नाही, तर टाऊन सेंटर रिकामं बसतं. तिकडे हल्ला परतवताना हमखास तेच होतं. डाव डोक्यानं नाही, हातानं हरतो आपण.

सुरुवातीला 'इंटू द ब्रीच' घ्या. ८ × ८ चा पट, तुमचे तीन यंत्रमानव. शत्रू म्हणजे राक्षसी किडे; ते कुठे मारणार ते आधीच दिसतं. समजा, एक किडा इमारतीवर नेम धरून बसलाय. त्याला मारायलाच हवं असं नाही. त्याला पटावर एक चौकोन बाजूला ढकला, की त्याचा वार शेजारच्या किड्यावर. नुसती चाल चुकली तर मागे घेता येते, वार केल्यावर मात्र लढाईत एकदाच, तेही अख्खा टर्न पुन्हा खेळून.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी घरात कोंडलेला मी एका चालीवर अख्खा चहा थंड केलाय. गेमनं हूं की चूं केलं नाही.

'सिव्हिलायझेशन' मात्र लगेच नको. तिथे क्लिकची घाई नाही, पण एक डाव संपायला कित्येक तास जातात.