नळाची जाळी बदलण्याआधी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

तुझ्या विश्रामबागेतल्या खोलीच्या नळाचा फोटो बघितला. सिंकमध्ये भांडी घासताना पाणी अंगावर उडतं, एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाची ती पाण्यात हवा मिसळणारी जाळी बसवू का, असं विचारलंयस. गणपती पेठेत हार्डवेअरच्या गल्ल्यावर आयुष्य गेलं, त्यामुळे 'बसव, अमुक रुपये दे' एवढं सांगून मोकळा झालो असतो. पण खोली तुझी नाही, नळही तुझा नाही. अकरा महिन्यांच्या करारात घर होतं तसं परत द्यायचं असतं आणि डिपॉझिट मालकीणबाईंकडे आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नळाच्या तोंडाशी बघ. तुझ्या फोटोत टोकाला वेगळी, चकचकीत कडी दिसते. ती दिसते म्हणजे आत आटे आहेत आणि जाळी आधीपासूनच बसवलेली आहे. स्वस्तातल्या साध्या बिबकॉकचं तोंड गुळगुळीत असतं. त्याला आटेच नसतात, त्यामुळे एरेटर बसत नाही. रबरी नळी किंवा क्लिपवाला जोड लावून लोक भागवतात, पण तो पाण्याच्या जोराने निसटतो. तुझं तसं नाही.

आता पहिला सल्ला ऐकून माझ्याच धंद्यावर पाय देतोय असं वाटेल. नवीन काही घेण्याआधी जुनी जाळी काढून साफ कर. पाणी वाकडंतिकडं उडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. जाळीची निम्मी भोकं क्षाराने आणि वाळूने बुजतात, उरलेल्या भोकांतून पाणी तिरकं फेकलं जातं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं, कुठे पाइपलाइन दुरुस्त झाली की पहिल्या पाण्याबरोबर कचरा येतो. त्यात इमारतीत बोअरचं पाणी मिसळत असतील तर जाळीवर पांढरा थर धरायला वेळ लागत नाही.

काढायची रीत अशी. सिंकच्या तोंडात आधी एक फडकं कोंब, नाहीतर बारीक वायसर सिंकच्या जाळीतून थेट गटारात जाईल. मग खालून वर तोंड करून कडीकडे बघ आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरव. इथे पुष्कळजण फसतात, कारण वरून बघितलं तर तीच दिशा सुलटी दिसते आणि माणूस सैल करायच्या नादात आणखी आवळत बसतो. हाताने नाही निघाली तर कडीवर सुती कापडाचे दोन वेढे देऊन मग पाना लाव. कापडाशिवाय पाना लावलास की क्रोमवर दात उमटतात आणि ते मालकीणबाईंना पहिल्या दिवशी दिसतात. तरीही हलेना, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती नळाच्या टोकाला रबरबँडने अर्धा तास बांधून ठेव. क्षार विरघळला की कडी सुटते. मात्र रात्रभर ठेवू नकोस, आंबटाने क्रोमचा रंग जातो. जोर लावून काही होत नसेल तर तिथेच थांब. नळ आख्खा फिरायला लागला, तर भिंतीतला जोड सैल होईल आणि ते काम तुझंही नाही, माझंही नाही, मालकांच्या प्लंबरचं आहे.

जाळी निघाली की ती, तिचा वायसर आणि आतले प्लॅस्टिकचे तुकडे ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडून एक फोटो काढ. मग व्हिनेगर नाहीतर लिंबाच्या रसात ठेवून जुन्या टूथब्रशने घास. परत बसवून बघ. पाणी सरळ पडलं तर गोष्ट इथेच संपली आणि तुझे पैसे वाचले.

नाही पडलं, किंवा पाणी वाचवायचंच आहे, तर नवीन घे. पण त्याआधी एक मोजमाप कर. एक लिटरचं माप नळाखाली धर, नळ पूर्ण उघड आणि किती सेकंदांत भरतं ते बघ. समजा आठ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. जुन्या मोकळ्या नळांना बारा-पंधरा लिटरही येतात, पण तू सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेस. टाकी गच्चीवर, तिच्या तळापासून तुझ्या नळापर्यंत उंची जेमतेम तीन मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार असतो, म्हणजे तुझ्या नळाला मिळतो साधारण ०.३ बार. दोन मजले खालच्या भाडेकरूला याच टाकीतून तिप्पट दाब मिळत असेल.

ही गोष्ट महत्त्वाची का, तर एरेटरच्या डबीवर 'मिनिटाला ६ लिटर' असं जे छापलेलं असतं, ते बहुधा ३ बार दाबाला मोजलेलं असतं. साध्या भोकाच्या एरेटरमध्ये दाब दहापट कमी झाला की प्रवाह साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणजे डबीवरचे सहा लिटर तुझ्या खोलीत दोनच लिटर होतात. कढईचं तेल तेवढ्या धारेने धुवायचं म्हणजे दोन दिवसांत तू ती जाळी काढून फेकशील. आत लवचिक रबरी रिंग असलेले एरेटर येतात. दाब कमी असला की ती रिंग सैल राहते आणि जास्त पाणी सोडते, त्यामुळे घट एवढी जाणवत नाही. वरच्या मजल्यासाठी तसा माग, किंवा डबीवर ८-१२ लिटर लिहिलेला साधा घे. तीन लिटरवाला हात धुण्याच्या बेसिनसाठी असतो आणि तोही खालच्या मजल्यांवर शोभतो.

न्हाणीघरात बादली भरायच्या नळाला एरेटर लावूच नकोस. बादलीला लागणारं पाणी तेवढंच लागतं, फक्त भरायला दुप्पट वेळ जातो. आणि गॅसचा इन्स्टंट गिझर असेल तर आणखी सांभाळ. तो ठरावीक प्रवाह मिळाल्याशिवाय पेटत नाही. गरम पाण्याच्या नळाला बारीक जाळी लावली की गिझर पेटतो-विझतो करत बसतो आणि तू गिझर बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावतेस.

मापाचं म्हणशील तर आकडे पाठ करण्यापेक्षा जुनी जाळीच दुकानात घेऊन ये. बाहेरून आटे असलेली जाळी बहुधा २४ मिलिमीटरची असते, आणि नळाच्या तोंडावरच बाहेरून आटे असतील तर २२ ची आतल्या आट्यांची लागते. दिसायला फरक कमी, म्हणून दुकानात तोंडी सांगून घेतलेली जाळी हमखास परत येते.

बसवताना आधी उलटं फिरव. आटे एकमेकांत बसल्याची बारीक 'टक' जाणवली की मग सुलटं फिरव. पहिले दोन-तीन वेढे बोटांनी अगदी अलगद गेले पाहिजेत. अडत असेल तर आटा तिरका धरलाय, काढून पुन्हा सुरू कर. नळाचं पितळ मऊ असतं, तिरके आटे जोराने बसवले की नळच बाद. टेफलॉन टेप लावू नकोस, इथे पाणी रबरी वायसर अडवतो. हाताने घट्ट, वर कापडावरून पाव वेढा, एवढं पुरे. कडीच्या बाजूने थेंब आले तर आणखी आवळू नकोस. काढून वायसर नीट सपाट बसलाय का बघ.

जुनी जाळी पूर्ण वाळवून झिपच्या छोट्या पिशवीत घाल. ओली ठेवलीस तर आत क्षार आणि गंज धरतो. पिशवीवर चिठ्ठी: 'स्वयंपाकघर, सिंकचा नळ, वायसरसह'. ही पिशवी बॅगेत नको, शिफ्टिंगमध्ये हरवते. ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाक. काढलेला प्रत्येक मूळ भाग तिथेच जमा झाला पाहिजे.

हुकांचंही विचारलं होतंस. भिंतीवर तळहात घासून बघ. पांढरी पूड हाताला लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. त्यावर चिकटणारा हुक लावू नकोस. तो पुडीला चिकटतो, भिंतीला नाही, आणि पडताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतो. टाइल, काच, लोखंडी कपाट आणि गुळगुळीत ऑइल पेंट ह्या जागा हुकासाठी बऱ्या. जागा स्पिरिटने पूस (साबणाचा किंवा तेलाचा ओलसरपणा राहिला तर डिंक धरत नाही), अर्धा मिनिट दाबून धर आणि तासभर काही टांगू नकोस. घेताना खाली शेपूट असलेली ताणून निघणारी पट्टी घे. काढताना ती शेपटी भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ताणायची. बहुतेकजण ती स्वतःकडे ओढतात आणि रंग उपटतात. बाजारातली स्वस्त फोमची दुतर्फा टेप अशी ताणून निघत नाही. ती टाइलवर लागलीच असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून मागून दोऱ्याने करवतीसारखी काप, राहिलेला डिंक खोबरेल तेलाने निघतो. गच्चीच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर मात्र मे महिन्यात कुठलीच पट्टी भरवशाची नाही. तिथे बॅग टांगू नकोस.

कपाटाच्या मुठी बदलायच्या म्हणतेस, तर दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोज. नव्या मुठी ९६ किंवा १२८ मिलिमीटरच्या मिळतात, पण जुन्या फर्निचरला चार इंच म्हणजे जवळपास १०२ चं अंतर असायचं. सहा मिलिमीटरचा फरक दिसायला काही नाही, पण मूठ बसत नाही आणि नवीन भोक पाडायचा मोह होतो. तो आवर. अंतर जुळलं नाही तर मुठी तशाच राहू देत. जुळलं तर जुन्या मुठी त्यांच्याच स्क्रूसकट त्याच पिशवीत.

मालकीणबाईंना काम करायच्या आधी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाक: 'काकू, नळाची जाळी बदलतेय, जुनी जपून ठेवली आहे, जाताना बसवून देईन.' सोबत जुन्या जाळीचा आणि नळाचा फोटो. हो म्हणाल्या की मगच हात लाव.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी नवीन एरेटर काढून घे, तो तुझाच आहे. जुनी जाळी बसवताना जुना वायसर वापरू नकोस. तो एव्हाना दबून कडक झालेला असतो. काउंटरवर येऊन त्याच मापाचा नवा घेऊन जा, पाच-दहा रुपयांचा असतो. मग नळ पाच मिनिटं चालू ठेव, बंद कर आणि कडीच्या सगळ्या बाजूंनी कोरडा टिश्यू फिरव. कोरडा निघाला तर किल्ली द्यायला हरकत नाही.

तुझा,
दुकानवाला काका