कंपनीचा खर्च, संचालकाचा खिसा: ब्रिटनमधल्या छोट्या कंपन्यांच्या चालकांसाठी प्रश्नोत्तरे

प्रश्न: कंपनीसाठी लॅपटॉप घेतला, पण पैसे माझ्या स्वतःच्या क्रेडिट कार्डाने भरले. कंपनीच्या बँकेतून काहीच गेलं नाही. मग नोंद कुठे करायची?

बँकेला हात न लावता ही नोंद होते. कंपनीचं देणं तुम्ही भागवलंत, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही कंपनीला उसनी दिलीत. हा उसनवारीचा हिशेब संचालक कर्ज खात्यात, म्हणजे आपण सगळे ज्याला डीएलए म्हणतो त्यात राहतो.

समजा लॅपटॉप 1,200 पौंडांचा, त्यातले 200 व्हॅटचे, आणि कंपनी व्हॅटसाठी नोंदलेली आहे. तर संगणक सामग्री नावे 1,000, व्हॅट नावे 200 आणि डीएलए जमा 1,200. तारीख खरेदीची टाका. कार्डाचं बिल तुम्ही पुढच्या महिन्यात भरलंत का, त्याचं कंपनीला देणंघेणं नाही. कंपनी नोंदलेली नसेल तर अख्खे 1,200 सामग्रीत जातील. फ्लॅट रेट योजनेत असाल तरीही तसंच, कारण तिथे 2,000 पौंडांखालच्या भांडवली खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही.

आता पावती. व्हॅटसह 250 पौंडांपर्यंतच्या खरेदीला साधी व्हॅट पावती चालते, तिच्यावर ग्राहकाचं नाव नसलं तरी अडत नाही. लॅपटॉप त्या मर्यादेच्या बराच वर आहे, तेव्हा पूर्ण बीजक कंपनीच्या नावाने मागून घ्या. कार्डाच्या स्टेटमेंटवरची ओळ हा व्हॅटचा पुरावा होत नाही. ही गोष्ट दुकानातच आठवली तर बरं, वर्षाने नाव बदलून मागायला गेलं की कुणी दाद देत नाही.

डीएलएला जमा शिल्लक असेतोवर कंपनी तुमची देणेकरी आहे. ताळेबंदात ही रक्कम एका वर्षाच्या आतल्या देण्यांत दिसते. ती तुम्ही हवी तेव्हा काढून घेऊ शकता आणि त्यावर आयकर लागत नाही, कारण ते तुमचेच पैसे आहेत.

प्रश्न: गाडी माझी, पेट्रोल माझ्या कार्डावर, पण ग्राहकाकडे जायला वापरतो. पेट्रोलच्या पावत्या डीएलएला टाकू का?

नको. स्वतःच्या गाडीसाठी मैलांचा हिशेब धरा. 2025-26 च्या दराने पहिल्या 10,000 मैलांना मैलामागे 45 पेन्स, त्यापुढे 25 पेन्स. महिन्याला कामाचे 320 मैल झाले, तर प्रवासखर्च नावे 144 पौंड, डीएलए जमा 144. पेट्रोल, विमा, दुरुस्ती हे सगळं त्या दरात आलं. पावत्या आणि मैल दोन्ही लावलेत तर एकच खर्च दोनदा लागतो. तारीख, कुठून कुठे, कशासाठी आणि किती मैल, एवढी वही मात्र ठेवा.

प्रश्न: खर्चाचे पैसे मी कंपनीकडून कधीच परत घेतले. तरी डीएलएमध्ये कंपनी मला देणं लागते असं दिसतंय, आणि नफाही वाटला होता त्यापेक्षा कमी आहे.

ही दोन लक्षणं एकत्र दिसली की बहुधा एकच खर्च दोनदा चढलेला असतो. तुम्ही पावत्या नोंदवल्यात तेव्हा खर्च नावे आणि डीएलए जमा झालं, इथवर ठीक. मग कंपनीच्या बँकेतून तुमच्या नावे रक्कम गेली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बँकेकडून आपोआप येणाऱ्या फीडमध्ये ती ओळ आली आणि कुणीतरी तिला पुन्हा खर्चाचं खातं लावलं. त्या ओळीला डीएलए लावायला हवं होतं. परतफेड हा खर्च नाही, खर्च पावतीच्या वेळीच होऊन गेला.

तपासायला सोपं आहे. बँकेतून तुमच्या नावे गेलेल्या सगळ्या रकमांची यादी काढा, पगार आणि लाभांश वगळा. उरलेली प्रत्येक रक्कम डीएलएच्या नावे बाजूला सापडली पाहिजे. जी सापडत नाही, ती खर्चात बसलेली असेल.

समजा 486 पौंडांची परतफेड अशी चुकली आणि लावताना सॉफ्टवेअरने 20 टक्के व्हॅटही उचलला. म्हणजे 81 पौंडांचा व्हॅट दोनदा मागितला गेला. दुरुस्तीची नोंद: डीएलए नावे 486, खर्च जमा 405, व्हॅट जमा 81. व्हॅटची निव्वळ चूक 10,000 पौंडांच्या आत असल्याने ती पुढच्या रिटर्नमध्ये सुधारता येते.

हे वेळेत का निस्तरायचं? चुकीची जमा शिल्लक पाहून संचालक तेवढे पैसे पुन्हा काढतो. तिथून पुढच्या प्रश्नाची सुरुवात होते.

प्रश्न: अकाउंटंट म्हणतो डीएलए ओव्हरड्रॉन आहे, 9,000 पौंडांवर कर लागेल. पण मी कंपनीसाठी खिशातून बरंच भरलंय!

भरलंय, पण लिहिलंय का? वर्षअखेर 31 मार्च 2025 धरू. वर्षभरात तुम्ही 9,000 पौंड उचललेत, सगळे डीएलए नावे, म्हणजे आता कंपनी नाही, तुम्हीच देणं लागता; यालाच ओव्हरड्रॉन म्हणतात. खणात 2,600 पौंडांच्या पावत्या पडून आहेत आणि कामाचे 1,000 मैल, म्हणजे 450 पौंड. या नोंदी झाल्या तर तुम्ही कंपनीला 5,950 देणं लागता. कलम 455 चा कर, म्हणजे अशा न फेडलेल्या उचलीवर कंपनीने भरायचा कर, या कर्जावर 33.75 टक्के. 9,000 वर तो 3,037.50 येतो, 5,950 वर 2,008.13. हजारावर पौंडांचा फरक त्या खणात आहे.

मात्र वर्ष संपल्यावर जुनी तारीख टाकून केलेल्या नोंदींकडे एचएमआरसी संशयाने पाहते. म्हणून पावत्या दर महिन्याला चढवा आणि सोबत खर्चपत्रकावर सही करून ठेवा.

उरलेले 5,950 तुम्ही 1 जानेवारी 2026 च्या आधी फेडलेत, म्हणजे वर्षअखेरीपासून नऊ महिन्यांच्या आत, तर कलम 455 चा कर द्यावा लागत नाही. तरी कंपनीच्या कर रिटर्नसोबतची सीटी600ए पुरवणी भरावीच लागते. उशिरा फेडलेत तर कर आधी भरायचा आणि तो परत मिळायला, ज्या हिशेबी वर्षात फेडलंत ते संपल्यावर नऊ महिने थांबायचं. पैसे भरून 30 दिवसांच्या आत 5,000 किंवा जास्त पुन्हा उचलण्याची युक्ती बऱ्याच जणांना सुचते, ती कायद्याने बंद केलेली आहे. तशी फेड आधी नव्या उचलीला लावली जाते, जुनं कर्ज तसंच राहतं.

आणखी एक उंबरठा 10,000 पौंडांचा. वर्षात कुठल्याही दिवशी बिनव्याजी कर्ज त्यावर गेलं की ते तुम्हाला कंपनीकडून मिळालेला करपात्र लाभ ठरतं, अशा लाभांचा पी11डी फॉर्म भरावा लागतो. कंपनी कायद्याप्रमाणे इतक्या रकमेच्या पुढे भागधारकांची मंजुरीही लागते. एकट्याच्या कंपनीत भागधारक तुम्हीच असता, तरी ठराव कागदावर हवा.

प्रश्न: कंपनी स्थापन होण्याआधी डोमेन आणि टेबल-खुर्ची घेतली होती. ते चालेल?

धंद्यासाठीच घेतलं असेल आणि कंपनी ते स्वतःकडे घेत असेल तर चालेल. स्थापनेच्या दिवशी डीएलए जमा करून नोंदवा. व्हॅटच्या बाबतीत नोंदणीपूर्वी 4 वर्षांच्या आत घेतलेल्या वस्तूंचा दावा करता येतो, पण वस्तू अजून कंपनीत हवी. सेवांसाठी मुदत 6 महिनेच आहे, त्यामुळे डोमेन जुनं असेल तर त्याचा व्हॅट सोडून द्या.