चुलतभावाच्या हिश्श्याला २ कोटी १० लाख द्यायचे का?

"सर, कोल्हापूरच्या आमच्या फौंड्रीतला चुलतभावाचा हिस्सा घेतोय. त्या हिश्श्याचे पुढच्या वर्षी १० लाख हातात येतील, नंतर दरवर्षी ४ टक्के वाढ धरलीय. त्याच्या माणसाने अमेरिकन बाँडचे ४.२५ आणि शेअर्सचा रिस्क प्रीमियम ४.५ मिळून ८.७५ टक्के रेट लावला आणि २ कोटी १० लाख किंमत काढली. देऊ का?"

एवढे देऊ नका. भागाकार बरोबर आहे, ८.७५ मधून ४ गेले, उरलेल्या ४.७५ टक्क्यांनी १० लाखाला भागलं की तेवढेच येतात, पण पैसे रुपयात आणि रेट डॉलरचा, तिथेच घोळ आहे. तुमच्या ४ टक्क्यांत इथली महागाई आहे, अमेरिकन बाँडच्या व्याजात तिथली, आणि ती सहसा कमी असते, म्हणून रेट छोटा दिसतो आणि किंमत फुगते.

रेट रुपयातलाच घ्या. एफडीचा नको, आपल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यापासून सुरुवात करा, कारण धंदाही लांब पल्ल्याचा आहे. समजा त्याचं यील्ड ६.७५ आहे. तेही पूर्ण रिस्क-फ्री नाही बरं का, मूडीजचं आपलं रेटिंग बीएए३ म्हणजे गुंतवणूक श्रेणीची शेवटची पायरी, त्यामुळे सरकारने पैसे बुडवण्याच्या शक्यतेचा थोडा भाव त्या यील्डमध्ये बसलेला असतो. तो २ टक्के धरला तर रिस्क-फ्री उरतो ४.७५.

आता प्रीमियम. सेन्सेक्सची जुनी सरासरी काढून तो ठरवू नका, बाजार वर्षाला २५ टक्के वरखाली होत असेल तर ४० वर्षांच्या सरासरीतसुद्धा ४ टक्क्यांची चूक सहज असू शकते. त्यापेक्षा अमेरिकेसारख्या मुरलेल्या बाजाराचे ४.५ घ्या आणि त्यात देशाच्या जोखमीचे ३ मिळवा. हे ३ म्हणजे वरच्याच २ टक्क्यांची दीडपट, कारण शेअर्स रोख्यांपेक्षा जास्त हलतात, आणि दीडपट हाही अंदाजच. प्रीमियम झाला ७.५, रेट १२.२५, किंमत साधारण १ कोटी २१ लाख.

इथे उलटी चूकही होते, आणि ती मी कित्येक रिपोर्टांत बघितलीय. ६.७५ तसेच ठेवून वर ७.५ लावतात, म्हणजे देशाची जोखीम दोनदा मोजली जाते, रेट १४.२५ होतो आणि किंमत ९८ लाखांच्या आत येते. तो आकडा भावापुढे ठेवू नका, त्याच्यावर अन्याय होईल.

फौंड्रीचं काम गाड्यांच्या मागणीवर हलत असेल तर बीटा, म्हणजे बाजाराच्या मानाने धंदा किती हलतो तो आकडा, १.२ धरा आणि प्रीमियमला त्याने गुणा, रेट १३.७५, किंमत १ कोटी अडीच लाख. म्हणून मी १ कोटी ते १ कोटी २० लाखांत बोलणी करेन, आणि त्याआधी ते १० लाख भट्टीच्या दुरुस्तीचा आणि बदलण्याचा खर्च वजा करून आलेत का ते वहीत बघून घेईन.