‘इकॉनॉमिक मोट’ला खंदक म्हणावे की मक्तेदारी?

*प्रश्न: शेअर बाजारावरच्या एका लेखाचे भाषांतर करते आहे. त्यात ‘इकॉनॉमिक मोट’ हा शब्द सारखा येतो. ‘आर्थिक खंदक’ लिहिले तर कळेल का, की सरळ ‘मक्तेदारी’ लिहू? आणि ही भानगड नेमकी काय असते?*

‘मक्तेदारी’ नको, ‘खंदक’ चालेल. फक्त ‘आर्थिक’ काढा. ‘आर्थिक खंदक’ वाचून ‘आर्थिक दरी’ची आठवण होते आणि कोणीतरी त्यात पडले आहे असे वाटते. ‘धंद्याचा खंदक’ किंवा ‘कंपनीभोवतीचा खंदक’ म्हटले की चित्र उभे राहते. नुसते ‘मोट’ मात्र लिहू नका, विहिरीवरची मोट अजून पुष्कळांना आठवते.

हा शब्द रुळवला अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी. आपल्या कंपनीच्या भागधारकांना लिहिलेल्या १९८६ सालच्या पत्रात गायको या मोटारविमा कंपनीबद्दल ते म्हणतात की, तिचा खर्च इतरांपेक्षा इतका कमी आहे की तो फरकच तिच्या किल्ल्याभोवतीचा खंदक आहे. गायको एजंट न नेमता थेट ग्राहकाला विमा विकत असे, त्यातून हा फरक पडला होता. म्हणजे खंदक हे नफ्याचे दुसरे नाव नव्हे. नफा दिसल्यावर दुसरे धावून येतात, आणि तरीही त्यांना तो वाटून घेता येत नाही, त्यामागचे जे कारण तो खंदक.

हे कारण आपल्याकडच्या एशियन पेंट्समध्ये चांगले दिसते. १९४२ साली मुंबईत गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी ही कंपनी काढली. तेव्हा बाजार परदेशी आणि मोठ्या देशी कंपन्यांकडे होता. या कंपन्या घाऊक व्यापाऱ्यांमार्फत माल विकत. घाऊक व्यापाऱ्याला मोठे डबे आणि झटपट खपणाऱ्या चार-सहा छटा हव्या असत. एशियनला त्यांच्या दारात फारसा थारा नव्हता, म्हणून ती थेट छोट्या दुकानदाराकडे गेली, छोटे डबे घेऊन. पहिला नंबर तिने १९६७ साली गाठला आणि तो आजवर सोडलेला नाही.

थेट दुकानदाराकडे जाणे बोलायला सोपे आहे. रंगाच्या धंद्यात छटा, प्रकार आणि डब्याचे आकार यांचा गुणाकार केला की हजारो वेगवेगळे नग होतात. कुठल्या गावात दिवाळीआधी कुठला डबा किती लागेल याचा अंदाज चुकला तर एकीकडे माल पडून राहतो आणि दुसरीकडे गिऱ्हाईक परत जाते. पूर्वी हा गोंधळ घाऊक व्यापारी अंगावर घेत असे. तो वगळल्यावर अंदाज बांधण्याचे काम कंपनीवर आले. त्यासाठी कंपनीने १९७० साली मेनफ्रेम संगणक घेतला. त्या काळी एका रंगाच्या कंपनीने हे करणे बऱ्याच जणांना उधळपट्टी वाटली असणार.

आता दुकानदाराच्या गल्ल्यावरून हिशेब पाहा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. दुकानदाराने एका कंपनीच्या मालात एक लाख रुपये गुंतवले. ती कंपनी मागितल्याबरोबर माल पोचवते, म्हणून महिनाभराचाच साठा पुरतो आणि लाख रुपये वर्षात बारा वेळा फिरतात. मार्जिन अवघे ५ टक्के असले तरी वर्षाला ६० हजार सुटतात. दुसरी कंपनी १० टक्के देते, पण तिची गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. मग तीन महिन्यांचा साठा करावा लागतो, पैसा चारच वेळा फिरतो आणि हाती ४० हजार येतात. निम्मे मार्जिन देणारी कंपनी दुकानदाराला जास्त कमावून देते, आणि वाचलेले मार्जिन तिच्या स्वतःच्या नफ्यात राहते.

मग दुसरी कंपनीही रोज गाडी का पाठवत नाही? कारण तिचा एका दुकानातला खप कमी. एशियनची गाडी एका फेरीत एका रस्त्यावरच्या अनेक दुकानांत भरपूर डबे उतरवते, दुसऱ्या कंपनीची गाडी अर्धी रिकामी फिरते, आणि प्रत्येक डब्यावर वाहतुकीचा बोजा वाढतो. खप वाढला तर गाडी परवडेल, आणि गाडी रोज आली तर खप वाढेल. या चक्रात नवा माणूस अडकतो. खंदक आहे तो इथे. गिऱ्हाइकाला आवडणारा रंग बनवणे त्या मानाने सोपे, चांगला रंग पुष्कळ कंपन्या बनवतात.

त्यात भर पडली टिंटिंग मशीनची. दुकानात पांढरा बेस ठेवायचा आणि मशीनवर हवी ती छटा मिसळून द्यायची. पण गाळा लहान असेल तर अशी मशीने किती मावणार? ज्याचे पहिले बसले, त्याची जागा राहते. शेरविन-विल्यम्स ही अमेरिकेतली बलाढ्य रंग कंपनी २००७ साली नितको पेंट्स घेऊन भारतात आली आणि २०१३ साली आपला इथला घरगुती रंगांचा धंदा बर्जर या रंग कंपनीला विकून गेली. पैसा आणि तंत्र दोन्ही तिच्याकडे होते.

खंदक आहे की नाही हे ताळेबंदावरून एका वर्षात कळत नाही. गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा मंदीतही टिकतो का, कच्चा माल महागल्यावर किंमत वाढवली तरी गिऱ्हाईक टिकते का, हे बरीच वर्षे पाहावे लागते. त्याहून कडक परीक्षा म्हणजे खिशात पैसा असलेला नवा भिडू. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. बिर्ला समूहाच्या ग्रासिमने १०,००० कोटी रुपये ओतून ‘बिर्ला ओपस’ बाजारात आणला आणि दुकानदारांना टिंटिंग मशीन फुकट देऊ केले. म्हणजे घाव नेमका बसला तो खंदकावर. त्यापुढच्या आर्थिक वर्षात एशियनचा नफा सुमारे ५,४६० कोटींवरून ३,६७० कोटींच्या आसपास उतरला. सगळे श्रेय नव्या भिडूला देता येणार नाही, कारण शहरांतली मागणीही त्या वर्षी मंद होती. खंदक बुजला की फक्त गाळ साचला, हे ठरवायला आणखी काही वर्षांचे आकडे लागतील.

‘मक्तेदारी’ का नको, हेही याच प्रकरणातून समजते. मक्ता मूळचा सरकारने दिलेला, इतरांना मज्जाव करणारा. खंदकाच्या बाबतीत कोणालाही यायची मुभा असते, फक्त येणे महाग पडते. जुलै २०२५ मध्ये ग्रासिमच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एशियन पेंट्सच्या चौकशीचा आदेश दिला. दुकानदारांनी आमचा माल ठेवू नये म्हणून एशियन त्यांच्यावर दबाव आणते, आमिषे दाखवते, असा आरोप होता. चौकशीचा आदेश म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे. पण प्रश्न नेमका आहे. दुकानदार पैसा लवकर फिरतो म्हणून टिकला असेल तर तो खंदक, आणि दुसऱ्याचा माल ठेवल्यास आपला पुरवठा तुटेल या धाकाने टिकला असेल तर ते मक्तेदारीकडे झुकणारे वर्तन. तुमच्या लेखात पहिला अर्थ असेल तिथे ‘खंदक’ लिहा. दुसरा असेल तिथे ‘मक्तेदारी’सुद्धा पुरायची नाही, ‘वर्चस्वाचा गैरवापर’ असे लिहावे लागेल.