सकाळी पहिला आणि रिव्हर्स गिअर पडत नाही: गिअरबॉक्स खोलण्याआधी हे बघा

प्रश्न: थंडीत सकाळी गाडी सुरू केली की पहिला गिअर जोर लावून टाकावा लागतो, रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं. दहा मिनिटं चालवली की सगळं ठीक. हायड्रॉलिक क्लच आहे. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. खोलू का?

उत्तर: एवढ्यात खोलू नका. तुम्ही सांगताय त्यावरून माझा पहिला संशय क्लचवर आहे, आणि ते घरच्या घरी तपासता येतं.

आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा टाका, कारण कधी कधी दात समोरासमोर येऊन अडतात, तो दोष नव्हे. इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड जात असतील, तर गिअर ऑइल थंडीत घट्ट झालंय किंवा गिअर लिव्हरची केबल जाम आहे. बंद इंजिनवर हलके आणि चालू इंजिनवर जड जात असतील, तर अडचण इनपुट शाफ्टची, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये फिरकी नेणाऱ्या दांड्याची आहे: क्लच दाबूनही तो फिरत राहतो.

मग इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, सात-आठ सेकंद तसाच दाबून धरा आणि मग रिव्हर्स टाका. गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला नसते. म्हणून आत इनपुट शाफ्ट फिरत असेल तर रिव्हर्स लगेच ओरडतो. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबायला हवा. तरीही वाजलं तर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नाही, हे नक्की समजा. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: थंड, घट्ट ऑइल शाफ्टला उलट लवकर थांबवतं. त्यामुळे सकाळच्या त्या आवाजाचा दोष ऑइलवर टाकता येत नाही.

मग हे फक्त सकाळीच का? थंड इंजिनचा आयडल जास्त असतो. गरम झाल्यावर 800च्या आसपास आरपीएम असेल तर थंडीत तो 1200च्या वर जातो. अर्धवट सुटलेला क्लच शाफ्टला त्याच वेगाने ओढत राहतो. शिवाय पॅडलचा दाब फ्लुइडमधून पुढे पाठवणारा मास्टर सिलिंडर किंवा त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर, यांचं झिजलेलं रबर सील थंडीत कडक होतं आणि दाब धरत नाही. गाडी तापली की सील मऊ होऊन काम भागवतं.

निफाडकडची एक हॅचबॅक माझ्याकडे अशीच तक्रार घेऊन आली होती. आधीच्या ठिकाणी गिअर ऑइल बदलून झालं होतं, फरक शून्य. मी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी, इंजिन थंड असतानाच, पोराला क्लच दाबायला लावून स्लेव्ह सिलिंडरची दांडी किती सरकते ते मोजलं. पहिल्या दाबाला जेमतेम 9 मिमी, पॅडल दोन-तीनदा पंप केल्यावर 13 मिमी. रबरी टोपी उचलली तर आत ओल होती. स्लेव्ह सिलिंडर बदलला, काळं पडलेलं फ्लुइड काढून गाडीतल्या फ्लुइडच्या बाटलीवर लिहिलेल्या ग्रेडचं नवं भरलं, एअर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्हर्स आवाज न करता पडला. गिअरबॉक्सला हातसुद्धा लावला नाही. तुम्हीही सकाळी पॅडल दोन-तीनदा पंप करून गिअर टाकून बघा. पंप केल्यावर हलका पडला तर दोष याच भागात आहे. पंप करूनही फरक पडत नसेल तर प्लेट, तिची गंजलेली खाचदार नळी किंवा प्रेशर प्लेट बघावी लागेल, आणि त्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

ऑइलबद्दल एकच सांगतो. मॅन्युअलमध्ये 75W-90 GL-4 लिहिलं असेल तर तेच घाला. दुकानदार सहज GL-5 देतो. ते डिफरन्शिअलच्या दातांसाठी चांगलं, पण त्यातली काही मिश्रणं पितळी सिंक्रो रिंगला खातात आणि रिंगची पकडही कमी करतात.

सिंक्रो झिजल्याची खूण वेगळी असते. तो दोष चालत्या गाडीत दिसतो: दुसरा किंवा तिसरा टाकताना, गाडी गरम असतानाही कर्र होतं. त्या वेळी न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकला आणि आवाज गेला, तर रिंगच दोषी. तुमच्या गाडीत असं होत असेल तरच बॉक्स खोला. खोलल्यावर रिंग गिअरच्या शंकूवर दाबून दोघांतली फट फीलर गेजने मोजायला सांगा. नव्या रिंगला साधारण 1 मिमी असते, अर्ध्या मिमीपर्यंत आली असेल तर रिंग बदलायची. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.